बाळाचं इंजेक्शन, शाळेचा निरोप आणि अर्ध्या दिवसाची रजा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. या दिवशी ठाण्यात एक बाळ जन्मलं असं समजू. आई एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात, वडील दुसऱ्या एका कंपनीत. जन्मानंतर लगेचच रुग्णालयात बाळाला बीसीजीची लस, पोलिओचे थेंब आणि कावीळ बीचं इंजेक्शन मिळालं. त्याच दिवशी पुढच्या लसींच्या तारखाही जवळपास ठरून गेल्या. सहा आठवडे भरतात १७ मार्चला, दहा आठवडे १४ एप्रिलला आणि चौदा आठवडे १२ मे रोजी. आता यातल्या शेवटच्या दोन तारखा कॅलेंडरवर पाहा. १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती आणि १२ मे २०२५ला बुद्धपौर्णिमा. दोन्ही दिवशी आईवडील घरी, रजेचा प्रश्नच नाही. पण त्या दिवशी लसीकरणाचं सत्रही नाही.

नोकरदार पालकांची खरी अडचण इथेच असते. ऑफिसला सुट्टी असते तेव्हा केंद्र बंद असतं आणि केंद्र उघडं असतं तेव्हा मस्टरवर सही करायची असते. बाळाच्या लसीसाठी म्हणून वेगळी रजा आपल्याकडच्या कोणत्याही कामगार कायद्यात नाही. जी काही आठ-दहा दिवसांची शिल्लक असते, तिच्यातूनच हे दिवस काढावे लागतात. ते नीट काढायचे तर आधी लसीच्या तारखा कशा चालतात हे कळायला हवं, कारण कोणती तारीख हलवता येते आणि कोणती नाही यावर रजेचा सगळा हिशेब उभा राहतो.

लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेली तारीख ही ‘या दिवसापासून पुढे’ अशी वाचायची असते. त्या तारखेच्या आधी डोस देत नाहीत. मात्र नंतर दोन-चार दिवस, अगदी आठवडाभर गेला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. दुसरा नियम दोन डोसांमधल्या अंतराचा. पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब या पाच रोगांवरची एकत्र लस, तिच्या दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे जायलाच हवेत. घरोघरी या डोसांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणतात आणि बरेच जण महिन्यांच्याच हिशेबाने दिवस मोजतात. रजेच्या दृष्टीने आठवडे मोजणं जास्त सोयीचं, कारण चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस आणि अठ्ठावीस दिवसांनी वार तोच येतो.

ही गोष्ट साधी असली तरी फार उपयोगाची आहे. या बाळाच्या जवळच्या केंद्रात दर बुधवारी सत्र भरतं असं धरू. पहिला डोस १९ मार्चच्या बुधवारी दिला, तर दुसरा येतो १६ एप्रिलला आणि तिसरा १४ मेला. तिन्ही बुधवार, तिन्ही सुट्टीच्या कचाट्यातून सुटलेले. वडिलांना तीन वेळा साहेबांसमोर जाऊन उभं राहायची गरज नाही. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात एका अर्जात तिन्ही तारखा देता येतात. एक बुधवार हुकला तर पुढचे सगळे आठवडाभराने सरकतात, हेही त्याच अर्जात लिहून ठेवता येतं.

या तीन डोसांच्या वेळी आई बहुधा रजेवरच असते. प्रसूती लाभाच्या १९६१च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आपल्या उदाहरणातल्या आईने २० जानेवारीपासून रजा घेतली असेल, तर ती २० जुलैला संपते आणि २१ जुलैला तिला कामावर हजर व्हावं लागतं. तोवर साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस होऊन गेलेले असतात. पण तीन महिन्यांच्या आत, सिझेरियनचे टाके ताजे असताना, बाळाला कडेवर घेऊन रिक्षातून एकटीने जायचं कसं? म्हणून या तीन खेपांना रजा लागते ती वडिलांना, आणि खासगी क्षेत्रातल्या वडिलांना पितृत्व रजा देण्याचं बंधन आपल्या कायद्याने कोणावरही घातलेलं नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना ती पंधरा दिवसांची मिळते. काही कंपन्या आपण होऊन देतात. बाकीच्यांना किरकोळ रजेवरच भागवावं लागतं.

ही किरकोळ रजा किती असते? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. मात्र ती जानेवारीत एकदम हातात पडत नाही, दर तिमाहीला खात्यात जमा होते. म्हणजे एका वेळी दोन दिवस. वर्षअखेरीला उरलेली रजा बुडते, पुढच्या वर्षात जात नाही. आता वडिलांचा हिशेब मांडून पाहा. जानेवारी ते मार्चचे दोन दिवस बाळाच्या जन्माच्या वेळी रुग्णालयातच गेले. १९ मार्चसाठी खात्यात काही उरलेलं नाही, तेव्हा अर्जित रजेतला दिवस मागावा लागेल, नाहीतर आधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा कॉम्प-ऑफ. एप्रिल ते जूनच्या दोन दिवसांतून १६ एप्रिल आणि १४ मेचे दोन अर्धे दिवस गेले तरी एक दिवस शिल्लक राहतो. कंपनीत अर्ध्या दिवसाची सोय असेल तर ही काटकसर जमते. नसेल तर दोन्ही दिवस संपले.

खरी ओढाताण होते ती नवव्या महिन्यात.

३ नोव्हेंबर २०२५ला बाळाला नऊ महिने पूर्ण झाले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आता द्यायचा. त्याच खेपेला न्यूमोनियावरच्या पीसीव्ही लसीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि तोंडाने जीवनसत्त्व अ असा बेत असतो. त्यामुळे ही खेप टाळून चालत नाही. आईपासून मिळालेली गोवराची प्रतिकारशक्ती या सुमाराला ओसरत आलेली असते आणि गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा आजार. आई मात्र जुलैतच कामावर परतलेली. वर्षभराची कामं तिच्या टेबलावर आलेली, आणि वडिलांची ऑक्टोबर-डिसेंबरची दोन दिवसांची किरकोळ रजा दिवाळीला गावी जाण्यात संपलेली. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होती. ज्यांनी कार्ड सप्टेंबरमध्येच उघडून पाहिलं, त्यांनी एक दिवस राखून ठेवला असेल. शिवाय ३ तारखेनंतरचा पहिला बुधवार ५ नोव्हेंबरचा, आणि त्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणजे सत्र १२ नोव्हेंबरला.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. केंद्रात बाळ आलंय, नर्सबाई समोर आहेत, लस फ्रीजमध्ये आहे, मग ‘आज नाही, बुधवारी या’ असं का सांगतात? कारण कुपीत आहे. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते. ती द्रवात मिसळली की चार तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. एकट्या बाळासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात, म्हणून या लसी सत्राच्या दिवशीच देण्याकडे केंद्रांचा कल असतो. पेंटाव्हॅलंटचं तसं नाही. तिची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते. म्हणूनच साडेतीन महिन्यांच्या डोसाला जे केंद्र कुठल्याही वारी चाललं, तेच नवव्या महिन्यात परत पाठवू शकतं आणि घेतलेली रजा फुकट जाऊ शकते. आदल्या दिवशी आशाताईंना किंवा केंद्रातल्या सिस्टरला एक फोन करून ‘उद्या गोवराची कुपी उघडणार ना?’ एवढं विचारलं तरी ही फेरी वाचते.

रजा फुकट जाण्याचं दुसरं कारण म्हणजे सर्दी. सकाळी बाळाचं नाक वाहताना दिसलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, आज नको न्यायला. प्रत्यक्षात साधी सर्दी, थोडा खोकला किंवा बारीक कणकण असली तरी लस देता येते. अंग चांगलंच तापलेलं असेल, बाळ मलूल असेल तर थांबायचं, आणि तेही केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरला दाखवून. मिळवलेली रजा घरच्या अंदाजावर सोडून देण्यापेक्षा केंद्रापर्यंत जाऊन विचारणं केव्हाही बरं.

आता किती तासांची रजा मागायची? सुई टोचायला मिनिटभर लागतं, पण केंद्रात वजन, कार्डावरची नोंद आणि रांग असते. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबवतात, कारण क्वचित होणारी तीव्र ॲलर्जी त्याच वेळात दिसते. हा अर्धा तास कोणीही घाईने कापू नये. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर सकाळचं सत्र म्हणजे अर्धा दिवस हा बरोबर हिशेब. दोन तासांची सवलत मागून साडेतीन तासांनी परतणारा कर्मचारी पुढच्या वेळी दोन तास मागतो तेव्हा साहेब मनात चारच धरतात.

तापाचंही गणित आहे आणि ते लसीगणिक वेगळं आहे. पेंटाव्हॅलंटनंतर ताप यायचा असेल तर त्याच संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टर सांगतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणीतरी असावं लागतं. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र लगेच येत नाही. ती जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूंची लस आहे. ते शरीरात वाढायला वेळ लागतो, म्हणून काही बाळांना सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप येतो, अंगावर बारीक पुरळही उठतं. १२ नोव्हेंबरला लस घेतलेल्या आपल्या बाळासाठी हे दिवस म्हणजे १८ ते २४ नोव्हेंबर. पालक दुसऱ्या दिवसाची रजा काढून बसतात, त्या दिवशी पीसीव्हीमुळे थोडी कणकण आली तर येते. मग आठवड्याने बाळ तापतं तेव्हा हाताशी रजा नसते, आणि ताप कशाचा आहे हेही चटकन लक्षात येत नाही. या आठवड्यात ऑडिटची बैठक किंवा बाहेरगावचा दौरा आईवडील दोघांच्याही वाट्याला एकदम येऊ नये, इतकी तजवीज आधी करता येते. ताप जास्त असेल, उतरत नसेल किंवा बाळ पीत नसेल, तर मात्र तो लसीचा आहे असं गृहीत न धरता डॉक्टरांकडे न्यावं.

हे सगळं ठाऊक असलं की अर्ज लिहिणं सोपं होतं. आपल्या उदाहरणातल्या आईने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिलेला अर्ज असा असू शकतो:

‘विषय: १२ नोव्हेंबर रोजी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेबाबत. महोदया, माझ्या मुलाचे नऊ महिन्यांचे लसीकरण बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी सकाळी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आहे. त्या दिवशी पूर्वार्धाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती. मी दुपारी दोन वाजता कामावर हजर होईन. सकाळी येणाऱ्या बिलांची नोंद सहकारी करणार असून त्यांच्याशी तसे बोलणे झाले आहे. लसीनंतर बाळाला ताप आल्यास १३ तारखेबाबत त्याच संध्याकाळी सातपर्यंत कळवीन.’

या अर्जात लसींची नावं नाहीत, घरात सांभाळायला कोणी नाही याची कहाणी नाही, माफीही नाही. साहेबांना ज्या गोष्टी ठरवायच्या असतात त्या आहेत: कोणता दिवस, किती वेळ, परत कधी, त्या वेळात काम कोण पाहणार. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ‘आज जमणार नाही’ असा निरोप आला की विभागाची घडी विस्कटते. आदल्या संध्याकाळी सातला आला तर बदली माणूस ठरवता येतो. ज्या कार्यालयात घरून काम करू देतात, तिथे १३ तारखेसाठी तीच मुभा मागावी म्हणजे एक दिवस वाचतो.

बरेच जण, विशेषतः वडील, खरं कारण लिहायला संकोचतात आणि ‘प्रकृती बरी नाही’ असं लिहून मोकळे होतात. बाळाला लस द्यायला बायको असताना तुम्ही कशाला, हा प्रश्न ऐकायची त्यांची तयारी नसते. संकोच समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. आजारपणाच्या रजेला दाखला मागितला की पंचाईत होते. खोटं उघडं पडलं तर पुढचा खरा अर्जही संशयाने वाचला जातो. आणि जो बाप खरं कारण लिहितो, त्याच्या विभागातल्या पुढच्या बापाला ते लिहिणं थोडं सोपं जातं.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा मार्ग वेगळा. एसटीचा वाहक, रुग्णालयातली परिचारिका, कारखान्यातला कामगार यांना रजेपेक्षा ड्यूटीची अदलाबदल जास्त उपयोगी पडते. सकाळचं सत्र असेल तर त्या आठवड्यात दुसरी पाळी मागून घ्यायची, म्हणजे रजाही खर्ची पडत नाही आणि पगारही कापला जात नाही. पण ड्यूटीची यादी लागायच्या आत हे सांगावं लागतं. यादी लागल्यानंतर तेच सांगणं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरचं वेळापत्रक मोडणं.

ज्यांना मस्टरच नाही त्यांचं काय, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा नाक्यावरच्या मजुराला रजा नसते, खाडा असतो. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. तिच्यासाठी नवव्या महिन्याचं इंजेक्शन फुकट असूनही एका रोजाला पडतं. वस्तीतल्या अंगणवाडीत भरणारं सत्र अशा आईला सगळ्यांत सोयीचं असतं, आणि आजी किंवा मोठी जाऊ बाळाला घेऊन गेली तरी चालतं. आईवडिलांपैकीच कोणी यावं अशी अट नसते. फक्त जाणाऱ्या माणसाकडे कार्ड हवं आणि मागच्या डोसानंतर बाळाला काय झालं होतं हे त्याला ठाऊक हवं, कारण सिस्टर तेच आधी विचारतात. ज्यांच्या घरी अशी बाई कामाला आहे त्यांनी तिच्या बाळाच्या बुधवारी पैसे न कापता सकाळ सोडून देणं, इतकं तर त्यांच्या हातात आहे.

सरकारी नोकरीत चित्र पुष्कळ बरं आहे, तरी एक गैरसमज तिथेही आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पित्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बाल संगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची दिली. मुलाच्या लसीला हीच रजा लागेल असं वाटतं. पण केंद्राच्या नियमांत ती एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी देत नाहीत आणि वर्षातल्या खेपांनाही मर्यादा आहे. ती परीक्षा, मोठं आजारपण यांसाठी राखावी. एका सकाळच्या लसीला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजाच योग्य. आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे राज्याच्या १९८१च्या रजा नियमांतच लिहिलेलं असल्याने वेळेवर केलेल्या विनंतीचं महत्त्व तिथेही कमी होत नाही.

दीड वर्षाच्या सुमाराचे डोस त्यामानाने दयाळू आहेत. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत कधीही देता येतो. आपल्या बाळासाठी ही मुदत जून २०२६ ते फेब्रुवारी २०२७. इतक्या लांब पट्ट्यात रजेची नवी तिमाही सुरू होतानाचा एखादा दिवस सहज बसतो. शक्यतो लवकरचा बसवावा, कारण मुदत मोठी दिसली की दिवस हातचे निसटतात.

शाळेच्या बाबतीत हे सगळं उलटं असतं. तिथे तारीख शाळा ठरवते, चार दिवस आधी कळवते आणि ती पुढे ढकलता येत नाही.

हे बाळ फेब्रुवारी २०२८मध्ये तीन वर्षांचं होईल. ३१ डिसेंबरपर्यंत वयाची तीन वर्षं पूर्ण, या सध्याच्या नियमाने त्याला जून २०२८मध्ये नर्सरीत जाता येईल. मोठ्या शहरांतल्या अनेक खासगी शाळांची प्रवेशाची धावपळ आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. एक दिवस मोबाइलवर निरोप येतो: गुरुवारी सकाळी साडेदहाला आई, वडील आणि मुलाने ‘संवादासाठी’ यावं.

इथे कायदा काय म्हणतो ते पालकांना माहीत असायला हवं. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि नंतर दर वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हा कायदा सहा ते चौदा वयोगटाला केंद्रस्थानी ठेवून लिहिलेला आहे. नर्सरीच्या प्रवेशाला त्याच्या तरतुदी कितपत लागतात यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या कायद्यातून वगळलं आहे. त्यामुळे मुलाखतीचं नाव बदललं, पण बोलावणं येतंच. तीन वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावणारी आणि बापाचा हुद्दा विचारणारी भेट ही चाळणीच आहे. तरीही त्या गुरुवारी जाणाऱ्या पालकांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढे मुलाची जागा असते.

मग रजा कशी मागायची? पहिलं काम ऑफिसात नव्हे, शाळेत करावं. दोघांनी येणं सक्तीचं आहे का आणि पहिली वेळ मिळेल का, हे दोन प्रश्न शाळेच्या कार्यालयाला त्याच दिवशी विचारावेत. एकच पालक चालत असेल तर एका घरातली एक रजा वाचली. सकाळी आठची वेळ मिळाली तर कदाचित उशिरा येण्याच्या सवलतीतच भागतं. साडेदहाची वेळ असेल तर ती साडेदहाला सुरू होईल असं समजू नये. अशा ठिकाणी तास-दीड तास ताटकळणं नेहमीचं आहे, म्हणून अर्धा दिवसच मागावा. अर्जाला शाळेचा निरोप जोडायला हरकत नाही, पण कुठल्या कुठल्या शाळांत अर्ज केलेत हे ऑफिसला सांगायची गरज नाही. ‘मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पालकांची उपस्थिती आवश्यक आहे, वेळ बदलून मिळत नाही’ एवढं पुरतं. वेळ बदलत नाही, हे लिहिणं इथे मोलाचं ठरतं. नाहीतर ‘शुक्रवारी जा ना’ असं उत्तर येतं. आणि एकापेक्षा जास्त शाळांत अर्ज केले असतील तर नोव्हेंबर सुरू होतानाच साहेबांच्या कानावर घालावं की येत्या दोन महिन्यांत असे दोन-तीन अर्धे दिवस लागतील, तारखा कळतील तशा सांगेन. तारीख माहीत नसली तरी रजेची गरज आधी सांगता येते.

शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्या पालकांची परीक्षा आणखी कठीण. तिथे मुलाखत नाही, ऑनलाइन सोडत आहे. सोडतीत नाव आलं की ठरलेल्या मुदतीत मूळ कागदपत्रं घेऊन पडताळणी समितीसमोर उभं राहावं लागतं. ही मुदत अनेकदा वाढवून मिळाल्याचा अनुभव असला तरी तिच्या भरवशावर बसण्यात धोका आहे, कारण जागा गेली तर गेली. या पालकांत रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, दुकानातले कामगार जास्त, म्हणजे पुन्हा खाड्याचाच प्रश्न. त्यांचे दिवस पडताळणीत कमी आणि कागद गोळा करण्यात जास्त जातात. आर्थिक दुर्बल गटासाठी एक लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो, त्यासाठी आधी तलाठ्याकडे किंवा सेतू केंद्रात खेपा होतात. वंचित गटातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. शिवाय जन्मदाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो आणि तो नसेल तर सोडतीत लागलेला नंबर तिथेच अडतो. ही कागदपत्रं अर्ज भरण्यापूर्वी, साप्ताहिक सुट्टीला जोडून एकेक करून काढून ठेवली, तर निरोप आल्यावर मालकाकडे एकच सकाळ मागावी लागते.